तार तुटून शेतात पडली, तरी फीडर सुरूच कसा राहतो? उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका कॉइलमध्ये

वाशीम : मे महिन्याची दुपार. वादळी वारा सुटतो आणि रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या एखाद्या शिवारात ११ हजार व्होल्टची तार तुटून नांगरलेल्या रानात पडते. उपकेंद्रातला ब्रेकर तत्काळ ट्रिप होईल, अशी सगळ्यांची समजूत असते. बहुतेक वेळा तसेच होते. पण कधी कधी होत नाही. तार मातीवर पडून राहते, गावात पंखे फिरत राहतात आणि त्या तारेत वीज असल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. धुऱ्यावरून चालत येणाऱ्या माणसासाठी किंवा चरायला सोडलेल्या बैलासाठी ही सर्वात धोकादायक स्थिती असते.

यात दरवेळी उपकरणाचा बिघाड असतोच असे नाही. वीजजाळे जमिनीशी ज्या पद्धतीने जोडलेले असते, त्या पद्धतीचीच ही मर्यादा आहे. जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात याला वेगळा पर्याय निघाला. त्याला 'रेझोनंट अर्थिंग' म्हणतात आणि त्याच्या मुळाशी असते एक साधी दिसणारी कॉइल. ती नेमके काय करते आणि आपल्याकडच्या फीडरवर बसवली तर काय होईल, ते समजून घेऊ.

आधी उपकेंद्रात काय असते ते पाहू

ग्रामीण भागातल्या उपकेंद्रात ३३ हजार व्होल्टची (३३ केव्ही) वीज येते आणि मोठ्या रोहित्रातून ती ११ केव्ही होऊन बाहेर पडते. ११ केव्हीच्या बाजूला तीन फेजच्या तीन वाइंडिंग एका बिंदूत जोडलेल्या असतात. हा बिंदू म्हणजे न्यूट्रल. महाराष्ट्रात, आणि भारतात सर्वसाधारणपणे, तो जाड पट्टीने थेट जमिनीत गाडलेल्या अर्थिंगला जोडतात.

याचा फायदा सरळ आहे. एखादी तार लोखंडी खांबाला चिकटली की वीज जमिनीतून न्यूट्रलकडे परत येते. वाटेत अडथळा फारसा नसल्याने प्रवाह शेकडो, उपकेंद्राजवळ तर हजारो अँपिअरचा असतो. एवढा प्रवाह रिलेला लगेच दिसतो आणि ब्रेकर उघडतो.

अडचण कोरड्या मातीची आहे. पावसाळ्यात ओली काळी माती वीज बऱ्यापैकी वाहून नेते. तीच माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की तार आणि खोलवरच्या ओलाव्यात मोठा रोध उभा राहतो. मानू की तो १० हजार ओहम आहे. ११ केव्हीच्या जाळ्यात एका तारेचा जमिनीशी व्होल्टेज ६,३५० असतो. भागाकार केला तर प्रवाह येतो जेमतेम ०.६ अँपिअर.

आता रिलेच्या बाजूने पाहा. फीडरवर ३०० अँपिअरचा सीटी असेल आणि अर्थ फॉल्टचे सेटिंग १० टक्के असेल, तर ३० अँपिअरच्या खालचे काहीही तो रिले मोजत नाही. सेटिंग फार खाली आणताही येत नाही, कारण तिन्ही फेजचे सीटी कधीच अगदी सारखे मोजत नाहीत आणि त्या फरकानेच फीडर विनाकारण पडत राहील. म्हणजे तारेवर पूर्ण ६,३५० व्होल्ट आहेत, मातीत ठिणग्या उडत आहेत आणि उपकेंद्रात सगळे आलबेल दिसते आहे.

न्यूट्रल जमिनीपासून सोडवला तर?

प्रवाहाला परत यायची वाटच बंद करून टाकावी, म्हणजे न्यूट्रल जमिनीला जोडूच नये, असा विचार सुरुवातीच्या इंजिनीअरांनी केला होता. मग तार जमिनीला टेकली तरी वीज वाहणार कुठून?

तरीही ती वाहते. हवेतून जाणारी तार आणि खालची जमीन यांच्यामध्ये हवेचा थर असतो. दोन वाहक आणि मध्ये न वाहणारा पदार्थ असला की झाला कपॅसिटर. एका किलोमीटरला त्याचे मूल्य अगदी किरकोळ, साधारण ५ नॅनोफॅरड असते. पण फीडर शंभर-दोनशे किलोमीटर पसरलेले असतात, त्यामुळे ती बेरीज दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

नेहमीच्या स्थितीत १०० किलोमीटर लाइनच्या प्रत्येक फेजमधून साधारण १ अँपिअर असा चार्जिंग प्रवाह जमिनीकडे जातो. तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात, म्हणून बाहेर काही दिसत नाही. एक तार जमिनीला टेकली की हा तोल जातो. टेकलेल्या तारेचा जमिनीशी व्होल्टेज शून्य होतो आणि उरलेल्या दोघींचा ६,३५० वरून थेट ११ हजारांवर जातो. त्या दोघींचा चार्जिंग प्रवाह १.७३ पट होतो, शिवाय दोन्ही मिळून जो एकत्र प्रवाह बनतो तो आणखी १.७३ पट. म्हणजे १ अँपिअरचे ३ अँपिअर होतात. हा सगळा प्रवाह तार जिथे टेकली तिथूनच परत जाळ्यात शिरतो.

भूमिगत केबलमध्ये हे प्रमाण फार वाढते, कारण तिच्यातला वाहक आणि जमिनीला जोडलेले आवरण यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर असते. ११ केव्हीच्या केबलचा एक किलोमीटर साधारण ६० किलोमीटर हवाई लाइनइतका चार्जिंग प्रवाह घेतो.

जाळे लहान होते तोवर असा अर्थ फॉल्ट आपोआप विझून जाई. लाइनी वाढल्या, तसा तो विझेना. ठिणगी प्रत्येक अर्ध्या सायकलला विझायची आणि पुन्हा पेटायची. प्रत्येक पेटण्यासोबत चांगल्या तारांवरचा व्होल्टेज उसळायचा आणि दूर कुठेतरी दुसरा इन्सुलेटर फुटायचा. एका जागचा दोष दोन जागी होई.

पीटरसन यांची कल्पना

जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे शिकवणारे इंजिनीअर वाल्डेमार पीटरसन यांनी या ठिणग्यांचा अभ्यास केला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात उपाय मांडला. न्यूट्रल जमिनीला थेट जोडू नका आणि मोकळाही सोडू नका. दोघांच्या मध्ये लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली एक कॉइल ठेवा. १९१७ मध्ये अशी पहिली कॉइल प्रत्यक्ष जाळ्यात बसली. तिला आजही 'पीटरसन कॉइल' किंवा 'आर्क सप्रेशन कॉइल' म्हणतात. बाहेरून ती तेलाने भरलेल्या रोहित्रासारखीच दिसते.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० सायकलची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. कपॅसिटरमधला प्रवाह व्होल्टेजच्या पाव सायकल पुढे धावतो. कॉइलमधला प्रवाह पाव सायकल मागे राहतो. दोघांत अंतर पडते अर्ध्या सायकलचे, म्हणजे १० मिलिसेकंदांचे. एक प्रवाह जमिनीत शिरत असतो त्याच क्षणी दुसरा जमिनीतून बाहेर येत असतो. दोघे सारख्या ताकदीचे असतील, तर तार जिथे टेकली आहे तिथे एकमेकांना खोडून टाकतात.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. प्रवाह नाहीसे होत नाहीत. कॉइलमधून पूर्ण प्रवाह वाहत असतो आणि तारांच्या कपॅसिटन्समधूनही. फक्त दोष असलेल्या जागेतून जाणारी त्यांची बेरीज शून्याजवळ येते. झोपाळ्याची ऊर्जा जशी उंची आणि वेग यांच्यात फिरत राहते, तशी इथे ती कॉइल आणि तारांच्या कपॅसिटन्समध्ये ये-जा करते. रेझोनन्स म्हणतात तो हाच.

आणखी एक गोष्ट घडते, आणि ठिणगी विझण्यात तिचा वाटा मोठा आहे. प्रवाह थांबल्यावर दोष असलेल्या तारेवरचा व्होल्टेज एकदम उसळी मारत नाही. झोपाळा थांबायला वेळ घेतो, तसा तो अनेक सायकल घेत हळूहळू पूर्ववत होतो. तेवढ्यात ठिणगीच्या जागची तापलेली हवा थंड होते आणि ती पुन्हा पेटत नाही. फांदी घासली, पक्षी चिकटला, पावसात इन्सुलेटरवरून ठिणगी गेली, असे तात्पुरते दोष वीज न जाताच मिटतात. थेट अर्थिंगच्या जाळ्यात त्यासाठी फीडर पाडून पुन्हा चालू करावा लागतो.

एका उपकेंद्राचा हिशेब

हिशेबासाठी एक काल्पनिक उपकेंद्र घेऊ. त्यातून निघणारे चार फीडर मिळून १५० किलोमीटर हवाई लाइन आणि ३ किलोमीटर केबल आहे. हवाई लाइनचे १०० किलोमीटरला ३ अँपिअर धरले, तर ४.५ अँपिअर होतात. केबलचे किलोमीटरला सुमारे १.८ प्रमाणे ५.४ अँपिअर. एकूण जवळपास १० अँपिअर. तीन किलोमीटरच्या केबलने दीडशे किलोमीटरच्या लाइनीला मागे टाकले, हे लक्षात घ्या.

तार पूर्णपणे जमिनीला टेकली की न्यूट्रलवर ६,३५० व्होल्ट येतात. त्यातून १० अँपिअर घेणारी कॉइल हवी, म्हणजे तिचा अडथळा ६३५ ओहम हवा. त्याला ३१४ ने भागले (५० सायकलसाठी हा आकडा ठरलेला असतो) की कॉइलचे मूल्य मिळते, सुमारे २ हेन्री. ट्यूनिंग म्हणतात ते एवढेच.

खोडाखोड पूर्ण शून्यावर मात्र येत नाही. कॉइलच्या तांब्यात आणि लोखंडात, तसेच धुळीने माखलेल्या इन्सुलेटरांवरून थोडी वीज वाया जाते. हा प्रवाह व्होल्टेजच्या पुढे किंवा मागे नसतो, त्याच्यासोबतच असतो, म्हणून कॉइल त्याला खोडू शकत नाही. तो १० अँपिअरच्या ५ टक्के धरला तर अर्धा अँपिअर उरतो.

कोरड्या मातीवर कॉइल काय करते

आता सुरुवातीची तार पुन्हा घेऊ, त्याच १० हजार ओहमच्या मातीवर. ट्यून केलेले जाळे जमिनीच्या बाजूने पाहिले तर ६,३५० भागिले ०.५, म्हणजे साधारण १२,७०० ओहमच्या रोधासारखे वागते. आता मातीचे १० हजार आणि जाळ्याचे १२,७०० असे दोन रोध एकामागे एक येतात आणि ६,३५० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. मातीच्या वाट्याला सुमारे २,८०० व्होल्ट आणि न्यूट्रलच्या वाट्याला सुमारे ३,५५०.

थेट अर्थिंगमध्ये हाच दोष ०.६ अँपिअरच्या प्रवाहात दडून बसला होता. इथे तो न्यूट्रलवर साडेतीन हजार व्होल्टच्या रूपाने समोर येतो. एरवी न्यूट्रलवर फारतर काही शे व्होल्ट असतात, त्यामुळे साध्या व्होल्टेज रिलेलाही तो चुकत नाही. मातीत जाणारा प्रवाह निम्म्याहून कमी, म्हणजे ०.२८ अँपिअर होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर ठरत असल्याने ती पाचव्या हिश्शापेक्षा थोडी कमीच उरते. कारंजा-सोहोळसारख्या माळरानावर उन्हाळ्यात वाळलेले गवत असते, तिथे हा फरक लहान म्हणता येणार नाही.

पण २,८०० व्होल्ट म्हणजे सुरक्षित नव्हे. त्या तारेला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. कॉइल दोष दाखवते आणि शांत करते, तार निर्जीव करत नाही.

तार तुटल्यावर तिचे दुसरे टोकही असते, हे बहुतेक वेळा विसरले जाते. उपकेंद्राकडचे टोक खांबावर लटकत राहिले आणि फक्त पलीकडचे टोक जमिनीवर पडले, तर पुढच्या डीपीच्या वाइंडिंगमधून उरलेल्या दोन फेजची वीज उलट मार्गाने त्यात येते. हा दोष कॉइलच्या जाळ्यातही ओळखायला अवघड जातो.

फीडर रोज बदलतो, कॉइलचे काय?

विदर्भातल्या जाळ्याचा एक स्वभाव इथे आडवा येतो. शेतीपंपांचे फीडर ठरावीक तासांनी सुरू आणि बंद होतात. आपल्या काल्पनिक उपकेंद्रात ५० किलोमीटरचा एक शेती फीडर बंद केला, तर चार्जिंग प्रवाह १० वरून ८.५ अँपिअरवर येतो. कॉइल मात्र १० अँपिअरवरच बसलेली. दीड अँपिअर जास्तीचे झाले. दोषाच्या जागी अर्ध्याऐवजी सुमारे १.६ अँपिअर वाहू लागतात आणि कोरड्या मातीवरचा दोष पकडण्याची क्षमताही तितकीच घसरते.

म्हणून आजच्या कॉइलमध्ये गाभ्याचा एक भाग मोटरने आतबाहेर सरकतो आणि कंट्रोलर न्यूट्रलचा व्होल्टेज पाहून दर बदलानंतर तिला पुन्हा ट्यून करतो. अगदी नेमके ट्यून करणेही नेहमी परवडत नाही. कुठे तीनऐवजी दोनच तारांची शाखा गेली असेल, तर फेजचे कपॅसिटन्स असमान होतात आणि रेझोनन्स ती असमानता फुगवून दाखवतो. काही दोष नसतानाही न्यूट्रलवर व्होल्टेज चढतो. त्यामुळे कॉइल पाच-दहा टक्के पुढे ठेवण्याचा प्रघात आहे.

दुसरा प्रश्न : दोष चारपैकी कोणत्या फीडरवर आहे? न्यूट्रलचा व्होल्टेज सगळ्या उपकेंद्राला एकच दिसतो. उत्तर त्या न खोडलेल्या अर्ध्या अँपिअरमध्ये असते. व्होल्टेजसोबत चालणारा हा प्रवाह मुख्यतः दोष असलेल्या फीडरमधूनच जातो आणि 'वॉटमेट्रिक' रिले तेवढाच मोजतो. त्यासाठी तिन्ही फेज एकत्र कवेत घेणारा अचूक सीटी लागतो, नेहमीचे चालत नाहीत.

मग इथे ती का नाही?

नियमांची आडकाठी नाही. न्यूट्रल थेट न जोडता इम्पिडन्समधून जोडण्याची मुभा वीज सुरक्षा नियमांत आहे. खरा खर्च कॉइलचा नसून उरलेल्या जाळ्याचा आहे. दोष असेपर्यंत दोन चांगल्या तारा ११ हजार व्होल्टवर राहतात. डीपीवर बसवलेले ९ केव्हीचे लाइटनिंग अरेस्टर एवढा व्होल्टेज फार वेळ सोसू शकत नाहीत, ते फुटतात. जुने इन्सुलेटर, केबलचे जॉइंट यांचीही तीच गत. म्हणजे कॉइल एका उपकेंद्रात बसवायची आणि अरेस्टर शेकडो खांबांवर बदलायचे.

पंपांची मात्र अडचण होत नाही. डीपी ११ केव्हीच्या बाजूला तारांतारांमधला व्होल्टेज घेते आणि तो दोष असतानाही तसाच राहतो. जर्मनीत याचा लाभ घेऊन दोष असलेली लाइन शोध लागेपर्यंत चालू ठेवतात. उघड्या तारा शेतातून जाणाऱ्या भागात ते धोक्याचे ठरेल. इथे योग्य क्रम असा राहील : कॉइलने काही सेकंद ठिणगी विझू द्यावी आणि न्यूट्रलवरचा व्होल्टेज तरीही उतरला नाही, तर तो फीडर बंद करावा.

व्हिक्टोरियाने किंमत मोजून शिकलेले

हाच क्रम ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने कायद्यात आणला. ७ फेब्रुवारी २००९ रोजी तिथे लागलेल्या वणव्यांत १७३ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले ११९ मृत्यू किलमोर ईस्टच्या एकाच आगीत झाले आणि ती आग तुटलेल्या वीजतारेतून लागली होती. ती तार वेगळ्या, एकतारी पद्धतीच्या लाइनची होती. पण त्यानंतरच्या चौकशीतून सगळ्याच ग्रामीण लाइनींकडे बोट गेले. पुढे राज्यातल्या ४५ उपकेंद्रांवर सुधारित पीटरसन कॉइल बसवण्याचे बंधन घालण्यात आले.

तिथल्या २२ केव्हीच्या जाळ्यासाठी २०१६ च्या नियमांत ठरवलेली मर्यादा कडक आहे. तारेवरचा व्होल्टेज ८५ मिलिसेकंदांत १,९०० वर, अर्ध्या सेकंदात ७५० वर आणि दोन सेकंदांत २५० वर आला पाहिजे. नुसत्या कॉइलने हे साधत नाही. म्हणून तिच्याजोडीला एक इन्व्हर्टर असतो. तो न खोडलेला शेवटचा प्रवाहही उलट दिशेने सोडून पुसून टाकतो. आपल्या हिशेबातले ते २,८०० व्होल्ट खाली आणण्याचे काम हाच करतो.

व्हिक्टोरियातल्या वीज कंपन्यांनाही अरेस्टर बदलावे लागले, जुन्या केबल चाचणीत फुटल्या आणि तारांचा असमतोल दुरुस्त करण्यात बराच वेळ गेला. वाशीमसारख्या जिल्ह्यात असा प्रयोग करायचा झाला, तर सुरुवात कॉइलपासून करता येणार नाही. आधी एका उपकेंद्राचे सगळे फीडर चालून कुठे किती केबल आहे, दोन तारांच्या शाखा कोणत्या आणि प्रत्येक डीपीवर कोणता अरेस्टर आहे, याची नोंद करावी लागेल. तोवर तुटलेली तार दिसली तर गावात वीज सुरू असो वा नसो, ती जिवंत आहे असेच धरून दूर थांबावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.